फोटोतला लॅब रिपोर्ट अरबीत करताना: काय भाषांतरित करायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

पूर्वा_कोथरूड

नमस्कार मंडळी. पुण्यात उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी पेशंटांसोबत मी दुभाषी म्हणून जाते. भाषा अरबी. बोलण्याचं काम सरावाचं आहे, लिहिण्याचं तितकं नाही.

परवा बसऱ्याहून आलेल्या एका पेशंटच्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. हिमोग्राम, किडनीच्या तपासण्या आणि सीआरपी एकाच कागदावर. पेशंट बाई आहेत, वय पन्नाशीच्या पुढे. घरच्यांना कळावं आणि तिकडच्या डॉक्टरांनाही दाखवता यावं म्हणून त्याला तो अरबीत हवा आहे.

मी तक्ता केला, उजवीकडून डावीकडे. आता अडचणी सांगते. टीएलसीची रेंज मी `4000 - 10000` अशी टाकली, तर दिसते `10000 - 4000`. पण आरबीसीची `3.8-4.8` बरोबर दिसते! तक्ता तोच आणि टाइप करणारी मीच. सीआरपीच्या रेंजमधलं लहानाचं चिन्ह तर उलटून मोठ्याचं झालं.

दुसरं म्हणजे फोटोतला कागद घडी घातलेला आहे. घडी नेमकी हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून गेली आहे. 11.2 असेल किंवा 17.2. उजवी कडा कापली गेल्यामुळे एच-एलच्या, म्हणजे जास्त-कमीच्या, खुणाही दिसत नाहीत.

आणि मुख्य प्रश्न: तपासण्यांची नावं, युनिटं अरबीत लिहायची का? आकडे अरबी लिपीत करायचे का? भाऊ म्हणतो, "सगळं अरबीत करा, आई वाचेल."

---

खिळेजुळारी

पूर्वाताई, उलटापालटीचं मी सांगतो. उर्दू-अरबीच्या पत्रिका आणि पुस्तकं जुळवण्यात वीस वर्षं गेली.

तुमच्या दोन रेंजांत फरक फक्त मोकळ्या जागेचा आहे. पहिलीत आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना स्पेस आहे, दुसरीत नाही. आकडा, रेघ, आकडा असं चिकटून असलं की युनिकोडच्या नियमाने ती सगळी एकच संख्या धरली जाते आणि डावीकडून उजवीकडे राहते. स्पेस पडली की दोन सुट्या संख्या झाल्या. मग उजवीकडून सुरू होणाऱ्या ओळीत पहिली संख्या उजवीकडे जाते आणि दुसरी डावीकडे. अरबी वाचक उजवीकडून वाचेल, म्हणून एकटी पाहिली तर तीही चूक नाही. घोटाळा होतो तो एकाच रकान्यात अर्ध्या रेंजा अशा आणि अर्ध्या तशा दिसतात म्हणून.

स्पेस काढून टाकली की झालं, असं मात्र समजू नका. त्याच ओळीत आकड्याच्या आधी अरबी अक्षर आलं तर चिकटलेली रेंजही उलटते. आणि साध्या हायफनऐवजी लांब डॅश आला, जो कित्येक प्रोग्राम आपोआप घालतात, तर अरबी अक्षर नसतानाही उलटते. म्हणून नशिबावर सोडू नका. रेंजचा रकाना पूर्णच डावीकडून उजवीकडे करून टाका. वेबसाठी असेल तर असं:

```
<td dir="ltr">4000 - 10000</td>
```

साध्या मजकुरात रेंजच्या आधी `U+2066` आणि नंतर `U+2069` ही न दिसणारी अक्षरं टाकायची. मधला मजकूर बाहेरच्या दिशेपासून सुटा राहतो.

---

पूर्वा_कोथरूड

स्पेस! दोन तास डोकं फोडत होते हो. आणि लहान-मोठ्याच्या चिन्हाचं काय?

---

खिळेजुळारी

ते चिन्ह कंसाच्या जातीचं आहे. उजवीकडून जाणाऱ्या ओळीत कंस जसा तोंड फिरवतो तसं तेही फिरतं. `< 5.0` लिहिलं तर `5.0 >` दिसतं. उजवीकडून वाचणाऱ्याला अर्थ तोच लागायला हवा. पण डॉक्टरांची नजर इंग्रजी रिपोर्टवर तयार झालेली असते. त्यांना दिसतं "पाचपेक्षा जास्त".

मी असलं चिन्ह अरबी मजकुरात ठेवतच नाही. 'अकल्ल मिन 5.0', म्हणजे पाचपेक्षा कमी, असं शब्दांत लिहितो. शब्द तोंड फिरवत नाही.

---

वरदा७२

माझ्या सासूबाईंचं क्रिएटिनिन 1.4 आलंय. वय ७४. डॉक्टर म्हणाले काळजी नको, पाणी प्या. पण रिपोर्टवर ते ठळक अक्षरात आहे. कुणी सांगेल का?

---

सूक्ष्मदर्शी

वरदाताई, या धाग्यावर नका विचारू, उत्तरं विखुरतील. आणि तुमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलंय, आम्ही नाही. ठळक अक्षर म्हणजे आकडा छापलेल्या रेंजबाहेर आहे, एवढंच. त्याचा अर्थ काय ते वय, औषधं आणि मागचे रिपोर्ट पाहूनच ठरतं. मागचा रिपोर्ट घेऊन पुन्हा एकदा विचारा त्यांना.

पूर्वा, मी साताऱ्यात लॅबमध्ये आहे. त्या हिमोग्रामवर आरबीसी, एमसीएच, हिमॅटोक्रिट हे आकडे स्वच्छ दिसतायत का? असतील तर इथे दे. नाव-गाव नको.

---

पूर्वा_कोथरूड

आरबीसी 4.31, हिमॅटोक्रिट म्हणजे इथे पीसीव्ही लिहिलंय ते 34.6, एमसीव्ही 80.3, एमसीएच 26.0. एमसीएचसीवर सावली आहे.

---

सूक्ष्मदर्शी

छान. हे आकडे एकमेकांना बांधलेले असतात. एमसीएच म्हणजे एका तांबड्या पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन. म्हणून आरबीसी गुणिले एमसीएच भागिले दहा केलं की हिमोग्लोबिन मिळतं. 4.31 × 26.0 ÷ 10 = 11.2. तुझ्या दोन शक्यतांपैकी हीच बसते. 17.2 असतं तर एमसीएच चाळिसाच्या जवळ आलं असतं.

पीसीव्हीकडूनही पाहा. 11.2 भागिले 34.6 गुणिले शंभर म्हणजे 32.4, आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, साधारण तिथेच असायला हवं. 17.2 धरलं तर जवळजवळ पन्नास येतं, तसं रक्त मी पाहिलेलं नाही. सावलीखाली बत्तीस दिसतंय का बघ.

पण आता महत्त्वाचं. या हिशोबाने चूक पकडायची, रिकामी जागा भरायची नाही. तू भाषांतर करतेयस, रिपोर्ट देत नाहीयेस. आकडा वाचता येत नसेल तर तिथे 'वाचता येत नाही' असंच लिहायचं. त्याहून सोपं म्हणजे भावाला सांग, लॅबकडून पीडीएफ मागव. आता बहुतेक लॅब फोनवरच पाठवतात. आणि पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणावं. फोटो म्हणून गेला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि पहिला बळी जातो तो दशांशचिन्हाचा.

---

मस्कतकर

मी इथे फार्मसीत आहे, सोळा वर्षं झाली. भारतातून उपचार घेऊन आलेले लोक असे अरबी कागद घेऊन येतात, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

मागे एका गृहस्थांकडचा कागद पाहिला. प्लेटलेट्ससमोर लिहिलं होतं 2.45, खाली क्युबिक मिलिमीटर. रेंज 1.5 ते 4.5. म्हणजे घन मिलिमीटरमध्ये अडीच प्लेटलेट्स! ते बिचारे दोनदा विचारत होते की हे चुकून कमी झालंय का. मूळ इंग्रजी कागद पाहिला तर त्यावर `2.45 lakhs/cumm`. भाषांतर करणाऱ्याला 'लाख'ला अरबी शब्द सापडला नसावा, म्हणून गाळून टाकला.

इथल्या डॉक्टरांची नजर 150 ते 450 या आकड्यांवर बसलेली असते, हजारांत. लाख ही गोष्ट भारतीय उपखंडाबाहेर कुणाला कळत नाही. दीड लाखाचा स्वल्पविरामसुद्धा आपण 1,50,000 असा देतो. तो पाहून इथला माणूस थबकतो, एक शून्य राहून गेलं की काय म्हणून.

---

पूर्वा_कोथरूड

बाप रे. माझ्या रिपोर्टवरही लाखातच आहे, आणि आकडाही नेमका 2.45च. मग मी 245,000 लिहू?

---

ध्रुवपद

सरळ सगळंच एसआय युनिटमध्ये करून टाका ना. आखाती देशांत बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. क्रिएटिनिनला 88.4 ने गुणायचं, ग्लुकोजला 18 ने भागायचं. मी दुबईत होतो, तिथे माझी शुगर 5.6 यायची, इथे 101 येते. गोष्ट तीच. डॉक्टरांचा वेळ वाचेल.

---

सूक्ष्मदर्शी

ध्रुवपद, तुमचे गुणक बरोबर आहेत. गुणाकार करायचा कुणी, हा प्रश्न आहे.

समजा क्रिएटिनिन 1.4 आहे, रेंज 0.6 ते 1.1. गुणाकार करून 124 केलं आणि रेंज बदलायची राहिली, तर कागदावर 124 समोर 1.1. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होईल. रेंजही बदलली तरी लॅबने छापलेला एकही आकडा कागदावर उरला नाही. मूळ रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहणं संपलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आला की तुलना कशाशी करायची? आणि गुणक प्रत्येक तपासणीचा वेगळा. ग्लुकोजचा 18 कुणी चुकून कोलेस्टेरॉलला लावला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

लाखाचं वेगळं आहे. तिथे युनिट बदलत नाही, फक्त संख्येचं नाव समजावून सांगायचंय. पूर्वा, माझं मत असं की चौकटीत `2.45 lakhs/cumm` जसंच्या तसं ठेव आणि खाली अरबीत टीप दे: एक लाख म्हणजे 100,000, म्हणून हा आकडा 245,000.

---

मस्कतकर

खाली टीप नको हो. माझा अनुभव असा की त्या अरबी कागदाचाही पुन्हा फोटो निघतो, तोही फक्त तक्त्याचा. टीप कापली जाते. त्याच चौकटीत, मूळ आकड्याच्या खालच्या ओळीत लिहा.

---

सूक्ष्मदर्शी

मग एका चौकटीत दोन आकडे झाले. घाईत वाचणारा कुठला उचलेल? मला नाही पटत.

---

मस्कतकर

ज्याला लाख कळत नाही तो 2.45 उचलणार, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

अनघा_रानडे_नव्हे

दोघांचं भांडण चालू दे, मी आकड्यांच्या लिपीबद्दल सांगते. पूर्वा, आकडे इंग्रजीच ठेव. आपण लहानपणी देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांत गोंधळायचो ना? अरबीत त्याहून वाईट. इराकात लिहितात त्या अंकांतला पाच म्हणजे छोटं वर्तुळ, आपल्या शून्यासारखं. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. आता 5.0 लिहून बघ: वर्तुळ, मग त्यांचं दशांशचिन्ह, जे स्वल्पविरामासारखं असतं, मग ठिपका. पुसट झेरॉक्सवर ठिपका गेला की संपलं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात तर हे अंक रोजच्या वापरातच नाहीत. इंग्रजी अंक सगळीकडे वाचता येतात.

---

पूर्वा_कोथरूड

पटलं. आईंना भाऊ वाचून दाखवेल. आणि युनिटं?

---

मस्कतकर

तीही जशीच्या तशी. कारण सांगतो. मिलिग्रॅमला अरबीत एक संक्षेप 'मलग' असा लिहितात आणि मायक्रोग्रॅमला 'मकग'. मधलं एकच अक्षर वेगळं, लाम की काफ. बारीक टाइपात आणि धुरकट फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. फरक हजारपटीचा. शिवाय ग्रॅम इजिप्तचा माणूस जीमने लिहितो आणि सीरियाचा गैनने.

---

सूक्ष्मदर्शी

आणि मूळ फोटोतून वाचतानाही तेच. मायक्रोचं `µ` पुसट झालं की `u` दिसतं किंवा थेट `m`. थायरॉइडची टीएसएच तपासणी `µIU/mL` मध्ये असते. तिथे कुणी `mIU/mL` केलं तर हजारपट. `mIU/L` केलं तर मात्र आकडा तोच राहतो, कारण वरचं आणि खालचं दोन्ही हजारपट झालं. तरीही बदलायचं नाहीच.

आपल्याकडच्या जुन्या सवयीही आहेत. हिमोग्लोबिन अजून कित्येक लॅब `gm%` मध्ये छापतात. अर्थ शंभर मिलिलिटरला इतके ग्रॅम, म्हणजे `g/dL`च. पण टक्के म्हणून भाषांतर झालं तर 'हिमोग्लोबिन अकरा टक्के' वाचून माणूस हादरेल.

---

पूर्वा_कोथरूड

नावांचं काय करू? मी हिमोग्लोबिनला एका अरबी वैद्यकीय कोशातला शब्द घातला, 'खिदाब अद्-दम'. भावाने फोन केला, "हे काय आहे?"

---

खिळेजुळारी

खिदाब म्हणजे आपला खिजाब! केसांना लावायचा कलप. रक्ताचा कलप म्हटल्यावर बिचारा विचारणारच.

---

अनघा_रानडे_नव्हे

शब्द चुकीचा नाही, रंगद्रव्य याच अर्थी आहे. सीरियात डॉक्टरकी अरबीतून शिकवतात, तिथे सहज कळेल. इतरत्र लोक 'हीमोग्लोबीन'च म्हणतात. म्हणून मी नेहमी दोन रकाने करते. पहिल्यात रिपोर्टवरचं नाव अक्षर न बदलता इंग्रजीत, दुसऱ्यात घरच्यांसाठी अरबी. अरबी शब्दावर वाद झाला तरी पहिला रकाना शाबूत राहतो.

युरियाला काय लिहिलंस?

---

पूर्वा_कोथरूड

ब्लड युरिया 38, रेंज 15 ते 45. अरबीत मी 'रक्तातल्या युरियाचा नायट्रोजन' असं लिहिलंय. नेटवर तेच सापडलं.

---

सूक्ष्मदर्शी

थांब! ही खरी चूक आहे. ते बीयूएन झालं. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाचा आकडा बीयूएनच्या 2.14 पट असतो. युरिया 38 म्हणजे बीयूएन साधारण 17.8, आणि बीयूएनची नेहमीची रेंज वीसच्या आसपास संपते. म्हणजे या बाईंचा आकडा रेंजमध्ये आहे. पण कागदावर 'बीयूएन 38' गेलं की तिकडचे डॉक्टर म्हणणार, मूत्रपिंड बिघडलं, दुप्पट आहे. आकडा बरोबर, युनिट बरोबर, नाव बदललं आणि तब्येत बदलली.

कळणार कसं? शेजारी 15 ते 45 ही रेंज बीयूएनची नसते. नाव आणि रेंज एकमेकांना शोभत नसतील तर नाव चुकलंय असं समज.

---

अनघा_रानडे_नव्हे

म्हणूनच विचारलं. अरबीत युरियाला 'युरिया' म्हण. 'बौला' असाही शब्द आहे, पण युरिक अ‍ॅसिडला 'हम्ज अल-बौल' म्हणतात आणि घरची माणसं दोन्ही एकच समजतात.

---

मीठभाकर

माझी एक भर. आमच्याकडे बीएसएल म्हणजे जेवणाआधी-नंतरची शुगर, हिमोग्राम म्हणजे सीबीसी. बाहेरच्यांना ही नावं कळत नाहीत. एसजीपीटी आपण म्हणतो, ते एएलटी म्हणतात. मग मूळ नाव तसंच ठेवून काय उपयोग?

---

सूक्ष्मदर्शी

प्रश्न रास्त आहे. मूळ नाव ठेवायचं आणि शेजारच्या अरबी रकान्यात प्रचलित नाव द्यायचं. एसजीपीटी आणि एएलटी एकच, याबद्दल वाद नाही. युरिया आणि बीयूएन एक नाहीत. हा फरक कळत नसेल तिथे अरबी रकाना रिकामा सोडावा किंवा लॅबला फोन करावा.

---

पूर्वा_कोथरूड

(चार दिवसांनी)

पीडीएफ मिळाली. हिमोग्लोबिन 11.2च. युरिया सुधारला.

पण पीडीएफशी एकेक ओळ ताडताना माझी अजून एक चूक सापडली. फोटो तिरका होता. मी डावीकडून नाव वाचत उजवीकडे जाताना एक ओळ खाली घसरले होते आणि एमसीएचसीसमोर आरडीडब्ल्यूची रेंज टाकली होती, 11.6 ते 14.0. आकडा 32.4. मी तसंच पाठवलं असतं तर ते दुपटीहून जास्त दिसलं असतं. आता स्क्रीनवर पट्टी धरून वाचते आणि नंतर खालून वर पुन्हा एकदा.

लाखाचं मी दोन्ही केलं. चौकटीत मूळ आकडा, त्याखाली बारीक अक्षरात अरबीत 'म्हणजे 245,000', आणि खाली टीपही. सूक्ष्मदर्शींना आवडणार नाही, माहीत आहे.

एक राहिलं. पीडीएफमध्ये हिमोग्लोबिनची रेंज पुरुष आणि स्त्री दोन्हींची छापली आहे. पेशंट बाई आहेत. पुरुषांची गाळू का?

---

सूक्ष्मदर्शी

गाळू नकोस. छापलंय तेवढं सगळं जायला हवं, तळाची पद्धतीची ओळसुद्धा.

आणि बारीक अक्षर नको. ठेवायचंच असेल तर मूळ आकड्याइतकंच मोठं ठेव, फोटोत दोन्ही दिसतील.

---

मस्कतकर

हे पटलं.

---

वरदा७२

सासूबाईंचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट सापडला. तेव्हाही 1.4च होतं. उद्या दोन्ही घेऊन जातोय डॉक्टरांकडे.